मृत्युपत्राविना मुस्लिम वारसाहक्क (मावळ व लोणावळा)

मृत्युपत्राविना मुस्लिम वारसाहक्क म्हणजे मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या मुस्लिम व्यक्तीची मालमत्ता तिच्या नातेवाइकांमध्ये ठरावीक अपूर्णांकांनुसार वाटली जाण्याची पद्धत होय. या अपूर्णांकांचा आधार कुराणातील सूरह अन-निसा (अध्याय ४) मधील ११, १२ आणि १७६ या आयती आहेत. त्यांवर पुढे फिकहशास्त्राने हिशेबाची सविस्तर शाखा उभी केली असून तिला 'इल्म-उल-फराइझ' म्हणतात. भारतात ही पद्धत मुस्लिम वैयक्तिक कायद्याचा भाग म्हणून न्यायालयांत लागू होते. प्रस्तुत लेखात तिचा विचार पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका व लोणावळा शहराच्या संदर्भात केला आहे. येथे एकाच कुटुंबाकडे भातशेती, गावठाणातील घर आणि लोणावळ्यातील गाळा अशी निरनिराळ्या कार्यालयांत नोंदलेली मालमत्ता असू शकते. अनेक सातबारा उताऱ्यांवर दोन पिढ्यांपूर्वीच्या खातेदाराचे नाव तसेच राहिलेले असते, आणि त्यामुळे हिशेब एका मृत्यूपुरता मर्यादित राहत नाही. लेखातील हिशेब सुन्नी हनफी मताप्रमाणे आहेत. शिया कायदा जेथे वेगळा पडतो, ते स्वतंत्रपणे सांगितले आहे.

## कायद्याचा आधार

मुस्लिम वैयक्तिक कायदा (शरियत) लागू करणे अधिनियम, १९३७ याच्या कलम २ नुसार वारसाच्या बाबतीत रूढीपेक्षा शरियतला प्राधान्य मिळते. हा कायदा येण्यापूर्वी मुंबई इलाख्यात रूढीचे वजन मोठे होते. १८४७ साली मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी खोजा व कच्छी मेमन समाजांच्या खटल्यांत, मुलींना वारसा न देण्याची त्या समाजांतील रूढी कुराणातील नियमाच्या विरुद्ध असली तरी वैध आहे, असा निर्णय दिला होता. १९३७ च्या कायद्याचा रोख अशाच रूढींवर होता.

मात्र कलम २ मध्ये शेतजमीन वगळलेली आहे. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार शेतजमिनीचा वारसा हा प्रांतांच्या अखत्यारीतील विषय होता, म्हणून केंद्रीय कायदेमंडळाने तो बाजूला ठेवला. मद्रास व केरळ यांनी पुढे स्वतःच्या दुरुस्त्यांद्वारे शेतजमीनही कायद्याच्या कक्षेत आणली. यावरून मावळातील शेतीला शरियतचे हिस्से लागूच होत नाहीत असा समज कधी कधी करून घेतला जातो, पण तो बरोबर नाही. जुन्या मुंबई इलाख्याच्या मुलखात १८२७ च्या मुंबई विनियम ४ मधील कलम २६ चा क्रम चालतो: आधी लिखित कायदा, तो नसल्यास त्या भागातील रूढी, आणि रूढी नसल्यास प्रतिवादीचा स्वतःचा कायदा. म्हणजेच, शेतजमिनीतून मुलींना वगळणारी रूढी आहे असे म्हणणाऱ्याने ती पुराव्याने सिद्ध करावी लागते. ती सिद्ध झाली नाही, तर शेतजमीनही मुस्लिम कायद्याच्या हिश्श्यांनीच वाटली जाते. 'आमच्याकडे मुली जमीन घेत नाहीत' एवढे म्हणणे हा रूढीचा पुरावा ठरत नाही.

मालमत्ता कोठे आहे यापेक्षा मृत व्यक्तीला कोणता वैयक्तिक कायदा लागू होता हे महत्त्वाचे असते. लोणावळ्यातील बंगल्याचा मालक मुंबईचा असला तरी त्याच्या पंथाचा कायदा बंगल्यालाही लागू होतो. गोव्याची गोष्ट वेगळी आहे. तेथे पोर्तुगीज काळातील समान नागरी कायदा मुस्लिमांनाही लागू आहे.

## हिशेबापूर्वीची वजावट

वाटणी होते ती मृत व्यक्तीने मागे ठेवलेल्या संपूर्ण मालमत्तेची नव्हे, तर देणी फिटल्यावर उरलेल्या शिलकेची. आधी दफनविधीचा खर्च, मग कर्जे, आणि मृत्युपत्र असल्यास जास्तीत जास्त एक-तृतीयांशापर्यंतचे मृत्युपत्रीय दान वजा होते. मृत्युपत्र नसल्यास ही शेवटची पायरी उरत नाही.

कर्जांमध्ये पत्नीचा न दिलेला मेहर येतो. निकाहनाम्यात लिहिलेली रक्कम पतीने हयातीत दिली नसेल, तर पत्नी त्या रकमेपुरती त्याची धनको ठरते. मेहर म्हणून मिळणारी रक्कम आणि वारस म्हणून मिळणारा हिस्सा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'मेहर दिला, आता हिस्सा कशाला' हे म्हणणे कायद्याला धरून नाही.

वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित असा भेद येथे नसतो, तसेच जन्माने मिळणारा हक्कही नसतो. वडील हयात असेपर्यंत मुलाचा त्यांच्या जमिनीत काहीही हिस्सा नसतो. वडिलांचा मृत्यू होताच सर्व वारसांचे हिस्से त्याच क्षणी निश्चित होतात, मग नोंद दुसऱ्या दिवशी होवो वा तीस वर्षांनी.

## वारसांचे वर्ग

पहिल्या वर्गात निश्चित हिस्सेदार (जविल फुरूज) येतात. पती किंवा पत्नी, आई, वडील आणि मुलगी हे त्यांतील नेहमी आढळणारे होत. पत्नीला अपत्य असल्यास १/८ आणि नसल्यास १/४ मिळतो. पतीला याच्या दुप्पट, म्हणजे अनुक्रमे १/४ व १/२ मिळतो. मृताला अपत्य असल्यास किंवा दोन वा अधिक भावंडे असल्यास आईला १/६, अन्यथा सर्वसाधारणपणे १/३ मिळतो. एकच मुलगी असून मुलगा नसेल तर तिला १/२, आणि दोन किंवा अधिक मुली असतील तर सर्वांना मिळून २/३ मिळतो.

दुसरा वर्ग अवशिष्ट वारसांचा (असबा). निश्चित हिस्से दिल्यावर जे उरते ते यांना मिळते. मुलगा या वर्गात येतो, आणि या पद्धतीत त्याला कोणताही ठरावीक अपूर्णांक नाही ही गोष्ट बऱ्याच वाचकांना अनपेक्षित वाटते. मुलगा असेल तेव्हा मुलगीही त्याच्यासोबत अवशिष्ट वारस बनते आणि उरलेल्या भागात मुलाला दोन व मुलीला एक असे प्रमाण राहते. या दोन वर्गांत पती वा पत्नीखेरीज कोणीही नसेल तरच दूरच्या नातेवाइकांचा (जविल अरहाम) प्रश्न येतो.

पती, पत्नी, आई, वडील, मुलगा व मुलगी यांना कोणीही वारसातून पूर्णपणे बाहेर ढकलू शकत नाही. इतरांच्या बाबतीत जवळचा नातेवाईक दूरच्याला वगळतो. मृताचा एक मुलगा हयात असेल तर आधी वारलेल्या दुसऱ्या मुलाच्या अपत्यांना आजोबांच्या किंवा आजीच्या मालमत्तेत काही मिळत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील प्रतिनिधित्वाचे तत्त्व येथे नाही.

## एका कुटुंबाचा हिशेब

पुढील उदाहरण काल्पनिक आहे, परंतु त्यातील नाती मावळातील कोणत्याही गावात आढळावीत अशी आहेत. एका खातेदाराच्या नावावर १ हेक्टर ८० आर, म्हणजे १८० आर भातशेती आणि बँकेत ६,९६,००० रुपये आहेत. त्याच्या मागे पत्नी, आई, दोन मुलगे व एक मुलगी आहे. वडील आधीच वारले आहेत. त्याला एक भाऊ व एक बहीणही आहे, पण मुलगे असल्याने ती दोघे या टप्प्यावर वारस नाहीत.

बँकेतील रकमेतून दफनविधीचे २५,०००, सोसायटीच्या कर्जाचे २०,००० आणि मेहरचे ५१,००० रुपये वजा केल्यावर ६,००,००० रुपये उरतात. पत्नीचा हिस्सा १/८ आणि आईचा १/६ आहे. दोघींसाठी समान छेद २४ घेतला तर पत्नीचे ३ व आईचे ४ भाग होतात आणि १७ भाग उरतात. हे १७ भाग दोन मुलगे व एक मुलगी यांच्यात २:२:१ म्हणजे पाच वाट्यांत वाटायचे आहेत. १७ ला पाचाने भाग जात नाही, म्हणून छेदालाच पाचाने गुणून १२० करतात. जुन्या ग्रंथांत या कृतीला 'तसहीह' म्हणतात. आता पत्नीला १५, आईला २०, प्रत्येक मुलाला ३४ आणि मुलीला १७ भाग मिळतात. त्यांची बेरीज १२० येते. बेरीज छेदाइतकी आली पाहिजे, ही हिशेब तपासण्याची सर्वांत सोपी खूण आहे.

रकमेत एक भाग ५,००० रुपयांचा होतो. त्यामुळे पत्नीला ७५,०००, आईला १,००,०००, प्रत्येक मुलाला १,७०,००० आणि मुलीला ८५,००० रुपये मिळतात. पत्नीला मेहरचे ५१,००० याशिवाय मिळालेले असतात. जमिनीत एक भाग दीड आरांचा होतो. पत्नीला २२.५ आर, आईला ३० आर, प्रत्येक मुलाला ५१ आर आणि मुलीला २५.५ आर असा हिशेब लागतो.

### वाटणीपूर्वी झालेले पुढचे मृत्यू

जमीन मोजून वेगळी न करता कुटुंब ती एकत्रच कसत राहते. काही वर्षांनी खातेदाराची आई वारते. तिचे ३० आर तिच्या नातवंडांकडे जात नाहीत, कारण तिचा दुसरा मुलगा, म्हणजे खातेदाराचा भाऊ, हयात आहे. तिचे पती व आईवडीलही हयात नाहीत असे धरले, तर हे ३० आर तिच्या हयात मुलामुलीत २:१ प्रमाणे जातात. चुलत्याला २० आर आणि आत्याला १० आर मिळतात. पहिल्या मृत्यूच्या वेळी वारस नसलेली ही दोन माणसे आता त्याच सातबाऱ्यात हिस्सेदार झालेली असतात.

त्यानंतर पत्नीही वारते. तिच्या मागे दोन मुलगे व एक मुलगीच आहेत असे मानल्यास तिचे २२.५ आर ९, ९ आणि ४.५ असे विभागले जातात. शेवटचे चित्र असे होते: प्रत्येक मुलगा ६० आर, मुलगी ३० आर, चुलता २० आर, आत्या १० आर. एकूण १८० आर. अठरा भागांत सांगायचे तर ६, ६, ३, २ आणि १. वाटणीपूर्वी एकामागून एक मृत्यू झाल्यास प्रत्येक मृत्यूचा हिशेब स्वतंत्रपणे मांडून तो पुढच्यात मिसळण्याच्या या रीतीला 'मुनासखा' असे नाव आहे.

मृत्यूंचा क्रम येथे किती निर्णायक असतो हे याच उदाहरणात दिसते. आई खातेदाराच्या आधीच वारली असती, तर तिचा १/६ निर्माणच झाला नसता. मग पत्नीच्या मृत्यूनंतर मुलांना ७२-७२ आर व मुलीला ३६ आर मिळाले असते, आणि चुलता व आत्या यांचा या जमिनीशी संबंध आला नसता. दोन मृत्यूंच्या तारखांवर ३० आरांचा प्रश्न अवलंबून असल्यामुळे ग्रामपंचायत वा नगरपरिषदेचे मृत्यूदाखले हा या हिशेबाचा पहिला कागद ठरतो. 'आजी बाबांच्या आधी गेली की नंतर' याविषयी घरातल्यांच्या आठवणीवर विसंबणे धोक्याचे असते.

## नोंदींत होणाऱ्या चुका

गावातील शेतजमिनीसाठी वारसांचा अर्ज व वंशावळ तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) दिली जाते. त्यावरून गाव नमुना ६क या वारस नोंदवहीत आणि नमुना ६ मध्ये फेरफार नोंदवला जातो. हितसंबंधितांना नोटीस दिल्यावर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मावळ तालुक्याचे तहसील कार्यालय वडगाव मावळ येथे आहे. लोणावळा शहरातील नगर भूमापन झालेल्या मिळकतींसाठी सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिकेवर नोंद होते. एकाच मृत व्यक्तीच्या वारसांची यादी दोन्ही ठिकाणी वेगवेगळी लागल्यास पुढे अडचण येते.

पहिली चूक नेहमीची आहे: मृताच्या आईचे नाव वंशावळीत नसणे. 'पत्नी व मुले' हीच वारसांची कल्पना मनात असल्याने वृद्ध आईचा विचारच होत नाही. ती नंतर वारली की तिच्या इतर मुलांचा हक्कही नोंदीतून नाहीसा होतो. वरील उदाहरणातील आत्येचे १० आर हरवतात ते येथेच.

दुसरी चूक समान हिश्श्याची. फेरफारात पाच वारसांची नावे लागली आणि अपूर्णांक लिहिले नाहीत, तर सर्वांचा हिस्सा सारखा असे समजले जाते. तसे झाले तर पहिल्या मृत्यूनंतर प्रत्येकाला ३६ आर मिळतील. मुलांचे ५१ चे ३६ होतील आणि मुलीचे २५.५ चे ३६. महसुली नोंद मालकी हक्क निर्माण करीत नाही हे न्यायालयांनी वारंवार सांगितले असले, तरी बँक व खरेदीदार ती नोंदच पाहतात. म्हणून अर्जातच १५/१२०, २०/१२० अशा स्वरूपात हिस्से लिहून देणे योग्य ठरते.

तिसरी बाब हक्कसोडीची. मुलगी किंवा बहीण आपला हिस्सा स्वेच्छेने सोडू शकते, पण वारसा उघडल्यानंतरच, म्हणजे संबंधित व्यक्तीच्या मृत्यूनंतर. वडील हयात असताना लग्नाच्या वेळी लिहून घेतलेली हक्कसोड केवळ अपेक्षेचा त्याग असते व मुस्लिम कायद्यात तिच्याने हक्क जात नाही. मात्र तिच्या बदल्यात मोबदला घेतलेल्या वारसाला नंतर हिस्सा मागण्यास मनाई होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये म्हटले आहे. स्थावर मालमत्तेतील हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते. तलाठ्यासमोरचा नुसता जबाब त्यासाठी पुरेसा नाही.

अज्ञान मुलांच्या हिश्श्याबाबत मावळातील जमीनव्यवहारांत विशेष काळजी लागते, कारण लोणावळा व द्रुतगती मार्गालगतच्या जमिनींना खरेदीदारांची कमतरता नाही. मुस्लिम कायद्यात आई ही अज्ञान मुलांच्या मालमत्तेची कायदेशीर पालक नसते. तिने न्यायालयाच्या आदेशाविना केलेली मुलांच्या स्थावर हिश्श्याची विक्री त्यांना बांधत नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने १९१८ मध्ये इमामबांदी विरुद्ध मुत्सद्दी या खटल्यात स्पष्ट केले. आईचा स्वतःचा १/८ तेवढा खरेदीदाराकडे जातो. अशा विक्रीसाठी पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली न्यायालयाकडून पालकनेमणूक व परवानगी घ्यावी लागते.

बँक खात्यातील नामनिर्देशनाने वारसा बदलत नाही. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते, पण ती वारसांमध्ये हिश्श्याप्रमाणे वाटायची असते. कंपनीच्या भागांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हीच भूमिका कायम ठेवली. बँका वा कंपन्या मागतात ते उत्तराधिकार प्रमाणपत्र भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ खाली मिळते. महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली वारस दाखलाही घेता येतो.

## प्रत्यक्ष विभाजनाची मर्यादा

हिस्सा मिळणे आणि जमिनीचा तेवढा तुकडा मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९४७ चा तुकडेबंदी कायदा प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडण्यास प्रतिबंध करतो. आत्येच्या १० आरांसारखा हिस्सा त्यामुळे स्वतंत्र गट म्हणून काढून देता येत नसेल, तर तिला त्या हिश्श्याचा मोबदला द्यावा लागतो किंवा जमीन सामाईक ठेवावी लागते. कायदा तिचा वारसा काढून घेत नाही, त्याचे स्वरूप मात्र बदलतो.

सामाईक राहिलेल्या जमिनीत सर्व वारस आपापल्या हिश्श्याचे सहमालक असतात. एकट्या भावाने जमीन कसली व शेतसारा भरला म्हणून इतरांचा हक्क संपत नाही. त्याने त्यांचा हक्क उघडपणे नाकारला आणि त्यानंतर बारा वर्षे गेली, तर मात्र प्रतिकूल कब्जाचा प्रश्न उभा राहतो. जमीन संपादित झाली तर नुकसानभरपाईही याच अपूर्णांकांनी वाटायची असते.

## हिस्से जास्त किंवा कमी पडणे

निश्चित हिस्श्यांची बेरीज कधी एकपेक्षा जास्त होते. स्त्रीच्या मागे पती व दोन सख्ख्या बहिणी असतील तर १/२ आणि २/३ मिळून ७/६ होतात. अशा वेळी सहाऐवजी सात हा छेद धरून पतीला ३/७ व बहिणींना मिळून ४/७ देतात. या रीतीस 'औल' म्हणतात. उलट मृताच्या मागे फक्त आई व एक मुलगी असेल तर १/६ व १/२ देऊन १/३ शिल्लक राहतो. तो दोघींना त्यांच्या प्रमाणात परत दिला जातो. आईला १/४ व मुलीला ३/४ होतात. याला 'रद्द' म्हणतात. दुसरा वारस असताना पती वा पत्नीला ही परतफेड मिळत नाही.

फक्त मुली असलेल्या घरात वाद होतो तो वेगळ्या कारणाने. पत्नी, दोन मुली व सख्खा भाऊ असे वारस असतील तर पत्नीला १/८, मुलींना मिळून २/३, आणि उरलेला ५/२४ भावाला जातो. वरील १८० आरांत तो ३७.५ आर होतो.

## शिया कायद्यातील भेद

शिया (इस्ना अशरी) मतानुसार शेवटच्या उदाहरणातील भावाला काहीच मिळत नाही, कारण अपत्य असताना भावंडे वगळली जातात. उरलेला भाग मुलींकडे परत जातो. औलही शिया कायद्यास मान्य नाही. तेथे तूट मुली किंवा बहिणींच्या हिश्श्यातून भरून काढतात. निरपत्य विधवेला पतीच्या जमिनीत हिस्सा मिळत नाही, हा भेद लोणावळ्यासारख्या ठिकाणच्या मिळकतींत महत्त्वाचा ठरतो. पत्नी, आई, दोन मुलगे व एक मुलगी या कुटुंबाचे हिस्से मात्र दोन्ही पंथांत १५, २०, ३४, ३४ व १७ हेच येतात.

विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली विवाह केलेल्या मुस्लिम व्यक्तीच्या मालमत्तेला या लेखातील हिस्से लागू होत नाहीत. तिचा वारसा भारतीय उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे ठरतो.